नोकरीतील खंड : अर्जात एक खरी ओळ

घरात कोणी गंभीर आजारी पडले की बहुधा लेकीलाच नोकरी सोडावी लागते. तो प्रश्न वेगळा आहे. येथे आम्ही फक्त पुढच्या अर्जाविषयी लिहीत आहोत.

आमच्या परिचयातील एका भगिनीचे उदाहरण घेऊ. बी.कॉम. झालेली ही मुलगी एका खाजगी कंपनीत हिशेब लिहीत असे. वडिलांचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस सुमारे चार तास, जाणे-येणे निराळे. एप्रिल 2022 ते जून 2023 असे पंधरा महिने ती घरी राहिली. पुढे भावाची बदली गावी झाली व त्याने ते काम अंगावर घेतले.

तिच्या पहिल्या अर्जात आजाराची हकिगत नऊ ओळींची होती. त्यात कर्जही आले होते. मुलाखतीत सारा वेळ वडिलांच्या प्रकृतीवरच गेला. हिशेबाचा एकही प्रश्न निघाला नाही. दुसऱ्या अर्जात तिने ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहिले. असे मोघम शब्द वाचणारा कारण मनानेच जोडतो, आणि ते बहुधा वाईटच असते.

कोणी तिला सल्ला दिला की, जुन्या नोकरीची तारीख पुढे ढकल. आम्ही बँकेतली माणसे, खाडाखोड लगेच डोळ्यांत भरते! भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात वर्गणी महिनावार दिसते, नोकरी सोडल्याची तारीखही नोंदलेली असते. पडताळणीत तफावत निघाली तर हाती आलेली नोकरी जाते.

मग आम्ही दोघांनी बसून ही ओळ लिहिली :

‘एप्रिल 2022 ते जून 2023 : वडिलांच्या आजारपणात देखभालीसाठी नोकरीतून विराम, आता घरी पर्यायी व्यवस्था झाली असून पूर्णवेळ कामास उपलब्ध.’

यात महिना-वर्ष आहे, नाते आहे आणि आजची स्थिती आहे. आजाराचे नाव नाही, कारण ती गोष्ट वडिलांची आहे. ती सांगावी की नाही हे त्यांनी ठरवायचे. ओळ अनुभवाच्या यादीत त्या काळाच्या जागीच लिहावी. तळाशी टाकली तर वाचणाऱ्याला खंड आधी दिसतो आणि कारण उशिरा. शेवटचा भाग मात्र खरा असेल तरच लिहावा. व्यवस्था झालेली नसेल तर ‘पूर्णवेळ’ न म्हणता किती वेळ देता येईल ते लिहावे, नाहीतर पहिल्याच महिन्यात रजा मागण्याची वेळ येते.

मुलाखतीत साहेबांनी विचारलेच, ‘‘काय आजार होता?’’ ती म्हणाली, ‘‘दीर्घ आजार आहे, सर. आता भाऊ पाहतो, त्यामुळे माझ्या वेळेवर परिणाम होणार नाही. मधल्या काळात जीएसटीचे जे नियम बदलले ते मी वाचून घेतले आहेत.’’ पुढचा प्रश्न विवरणपत्रांवर आला.