गावरस्त्याच्या प्रवासाचा सरासरी वेग कसा धरावा

माल बाजारात नेताना पुष्कळ शेतकरी बंधू काट्यावरील वेगावरून वेळेचा हिशेब मांडतात. येथेच चूक होते. १० किलोमीटर रस्ता ताशी ४० च्या वेगाने व पुढील १० किलोमीटर ताशी १० च्या वेगाने कापला, तर सरासरी २५ येत नाही. पहिल्या भागास १५ मिनिटे व दुसऱ्यास ६० मिनिटे लागतात. म्हणजे ७५ मिनिटांत २० किलोमीटर, अर्थात ताशी केवळ १६. वाईट रस्ता अंतराने थोडा असला तरी वेळ तोच खातो. म्हणून वेगाची सरासरी न काढता मिनिटांची बेरीज करावी.

समजा, टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला टेंपो ३६ किलोमीटरवरील बाजार समितीत न्यावयाचा आहे. पैकी २४ किलोमीटर चांगली सडक ताशी ४५ ने ३२ मिनिटांत संपते. बऱ्यापैकी गावरस्ता ८ किलोमीटर, ताशी ३० ने १६ मिनिटे. आणि खड्ड्यांचा रस्ता ४ किलोमीटरच, परंतु ताशी १५ ने त्यासही १६ मिनिटेच. भरल्या गाडीस प्रत्येक गतिरोधकापाशी वेग कमी करून पुन्हा वाढविण्यात सुमारे १२ सेकंद जातात. असे १५ असल्यास ३ मिनिटे. दोन अरुंद पुलांवर समोरची गाडी येऊ देण्यास ४ मिनिटे व चरावयास निघालेल्या गुरांसाठी ५ मिनिटे धरावीत. एकूण ७६ मिनिटे, म्हणजे सरासरी ताशी सुमारे २८. काट्यावरील ४५ धरणारा मात्र ४८ मिनिटांचाच हिशेब करतो व लिलावास अर्धा तास उशिरा पोहोचतो.

हा उशीर खड्ड्यांत भरून काढू नये. तेथे १५ ऐवजी २० ने गाडी हाकल्यास अवघी ४ मिनिटे वाचतात, आणि तळच्या क्रेटांतून रस गळू लागतो. गुरे टाळण्यासाठी पहाटे अंधारात निघण्याचा मोहही तपासून पाहावा. अंधारात खड्डे उशिरा दिसतात. तेथे वेग १२ वर आला की त्या ४ किलोमीटरांस २० मिनिटे लागतात आणि गुरांचे वाचलेले बहुतेक सारे तेथेच जाते.

वरील आकडे जसेच्या तसे आपल्या रस्त्यास लावू नयेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भरल्या गाडीतून, बाजाराच्या दिवशी व नेहमीच्याच वेळी, जेथे रस्ता बदलतो त्या प्रत्येक ठिकाणी घड्याळ व किलोमीटर टिपून घ्यावेत. रिकाम्या गाडीची नोंद उपयोगाची नाही. तीन फेऱ्यांपैकी सर्वांत लांबलेली फेरी प्रमाण मानावी, कारण लिलाव थांबत नाही. उसाच्या हंगामात बैलगाड्या व ट्रॅक्टर यांमुळे आणि पावसाळ्यानंतर नवे खड्डे पडल्यामुळे ही टिपणे पुन्हा करावी लागतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर मात्र मिनिटे वाढवून भागत नाही. तेथे गाडी घालू नये, दुसऱ्या रस्त्याचा स्वतंत्र हिशेब आधीच करून ठेवावा.