ढीग आधी पसरा, माई

लातूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. माई,


काल अहमदपूरचा एक माणूस अडतीवर आला होता. त्याच्याकडून कळलं की दाजींचं सोयाबीन यार्डात भिजलं, आणि तू नांदेडहून फोनवर त्यांना सांगितलंस, "बोली संपली की माल खरेदीदाराचा. तुम्ही ढिगाला हात लावू नका." दोन दिवस झाले, ढीग ताडपत्रीखाली तसाच आहे. भिजलेलं सोयाबीन किती लवकर तापतं हे तुला ठाऊक आहे ना? ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागते, दाण्याचं साल सुटतं, मग वास येतो आणि कोंब फुटतात. हे पत्र अडतीचा मुलगा संध्याकाळच्या बसने घेऊन येतोय. वाचून झालं की पहिला फोन दाजींना कर: ढीग पसरा.

तू 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 64 वाचलंस. लिलावात शेवटची बोली पुकारली की विक्री पुरी होते, असं त्यात आहे, ते खरं. पण विक्रीचा करार पुरा होणं वेगळं आणि मालकी सरकणं वेगळं. त्याच कायद्यात मालकी कधी सरकते हे कलम 19 ते 24 मध्ये आहे. माल ठरावीक असेल, पण किंमत काढण्यासाठी विक्रेत्याला अजून तो तोलायचा असेल, तर तोल होऊन खरेदीदाराला कळेपर्यंत मालकी सरकत नाही. हे कलम 22. दोघांनी वेगळं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि कलम 26 म्हणतं, जोखीम साधारणपणे मालकीच्या मागे जाते. दाजींचा भाव ठरला होता 4,300 रुपये क्विंटल. पण किती क्विंटल, हे काट्यावर चढल्याशिवाय कोण सांगणार?

तुझ्या परीक्षेतही हे येईल म्हणून दोन जुने खटले सांगतो. 1809 मध्ये लंडनला बकऱ्यांच्या कातड्याचे 289 गठ्ठे विकले गेले, भाव डझनावर. गठ्ठे उघडून कातडी मोजायचं काम विक्रेत्याचं होतं. मोजणीआधीच आग लागली. न्यायालय म्हणालं, नुकसान विक्रेत्याचं. हा झागुरी विरुद्ध फर्नेल. त्याच वर्षीचा दुसरा, रग विरुद्ध मिनेट. टर्पेंटाईनची पिंपं लिलावात विकली गेली, ती ठरल्या मापाने भरून द्यायचं काम विक्रेत्याकडे. बरीच भरली, काही राहिली, आणि सगळी जळाली. भरलेल्या पिंपांचं नुकसान खरेदीदाराने सोसलं, न भरलेल्यांचं विक्रेत्याने.

आता दाजींचा ढीग घे. अंदाजे 22 क्विंटल. त्यातले 9 क्विंटल तोलून, पोती शिवून, काटापट्टी झाली होती. त्या 9 क्विंटलचे 38,700 रुपये दाजींचे, यावर मी त्यांच्यासाठी भांडायला उभा राहीन. उरलेले सुमारे 13 क्विंटल ढिगातच होते. कलम 22 सरळ लावलं तर ती जोखीम दाजींवर येते. म्हणजे तू ज्या कलमावर त्यांना उभं केलंस, ते त्यांना तोलून धरणार नाही.

पण तू हरलीस असं मी म्हणत नाही. कलम 26 पूर्ण वाच, त्याला परंतुक आहे. कुणा एकाच्या कसुरीमुळे माल देण्या-घेण्याला उशीर झाला असेल, तर त्या उशिराशिवाय जे नुकसान झालं नसतं ते कसूर करणाऱ्याचं. म्हणून दाजींना विचार: काटा का थांबला? मला कळलं ते असं की दुपारी खरेदीदाराचा माणूस म्हणाला, बारदाना आला नाही, उरलेलं उद्या तोलू. बारदाना त्याने द्यायचा ठरलेला असेल, तर परतीच्या पावसात ढीग उघडा राहिला तो त्याच्यामुळे. हे तोलारीच्या नोंदीवरून आणि तिथल्या हमालांकडून सिद्ध करायचं. त्यांची नावं आणि वेळ आजच लिहून घ्या. आठ दिवसांनी कुणाला काही आठवत नाही.

आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की मालकी कुणाचीही असो, ज्याच्या ताब्यात माल आहे त्याने तो सांभाळायचाच. म्हणजे माल खरेदीदाराचा ठरला तरी दाजींना हात बांधून बसता येत नाही. ढीग पसरला, वाळवला, तर दावा कमजोर होत नाही. कुजू दिला तर उलट विचारतील, वाचवता येत होता तो का घालवला? पसरण्याआधी मापाऱ्यासमोर आणि अडत्यासमोर पंचनामा करा, फोटो काढा.

दुसरी गोष्ट, पोटलीची. सौदा पोटलीतल्या नमुन्यावर झाला. नमुन्याप्रमाणे सगळा ढीग निघाला पाहिजे, ही कायद्याने गृहीत धरलेली शर्त आहे, कलम 17. शर्त म्हणजे सौद्याचा कणा. ती मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. हमी मात्र सौद्याच्या कडेची. समज, नवा बारदाना द्यायचं बोलणं होतं आणि जुना आला. त्यासाठी नुकसानभरपाई मिळेल, सौदा मोडता येणार नाही. पाऊस दाजींच्या जोखमीत धरला गेला, तर भिजलेले 13 क्विंटल खरेदीदार नाकारेल, आणि त्याला तो हक्क आहे. पण त्याने ते तपासून उचलले आणि गोदामात दुसऱ्या मालात मिसळले, तर त्याने माल स्वीकारला असं होतं. मग नाकारणं संपलं, फक्त भरपाई मागता येते. तेव्हा तो घेतो म्हणाला तर आधी पंचनामा, मग ओलाव्याचा आकडा लिहून, मग काटा.

अडत्याने अर्ध्यावर मिटवायची तयारी दाखवली होती, ती दाजींनी तुझ्या शब्दावर धुडकावली, हे ऐकून मला राग आला. अडतीशी वैर धरून पुढच्या हंगामात माल कुठे न्यायचा? त्यांना सांग, तोललेल्या 9 क्विंटलचे पैसे घ्या, पण "पूर्ण हिशोब मिळाला" अशा पावतीवर सही करू नका. उरलेल्याबद्दल बाजार समितीकडे लेखी अर्ज द्या. तडजोड करा, पण कोणती बाजू भक्कम आहे ते ओळखून करा.

माई, मलाही वकील व्हायचं होतं. घरची परिस्थिती आड आली आणि मी दिवाणजी झालो. तुझ्या आजोबांची तूर अशीच एकदा यार्डात भिजली. मी तिथेच, हातात वही घेऊन उभा होतो. कायदा थोडा वाचला होता, पण व्यापाऱ्यापुढे तोंड उघडायचा धीर झाला नाही. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त गाडी जुंपायला सांगितली. ते शल्य अजून आहे. म्हणून तू बोललीस याचा मला राग नाही, उलट बरं वाटतं. आपल्या घरात कुणीतरी बोलायला लागलं. फक्त कलम पुढचं-मागचं वाचून बोल, आणि माल आधी वाचव.

दाजी तुझं ऐकतात. तू शिकलेली आहेस, या विश्वासावर त्यांनी ढीग तसाच ठेवला. तोच विश्वास आज त्यांना ढीग पसरायला लावेल. मी उद्या सकाळी यार्डात त्यांच्याबरोबर असेन, अडत्याशी मीच बोलतो. तू अभ्यास सोडून धावत येऊ नकोस. रागावून लिहिलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. दिवाळीला ये, तेव्हा पुस्तक घेऊन ये. मामीच्या हातच्या करंज्या खात मला सगळा कायदा शिकव. परीक्षेच्या फीचं मी पाहतो, दाजींना त्यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
मामा