नव्याण्णव टक्क्यांचे वर्तुळ

बेरीज जुळली नाही की चूक विद्यार्थ्याची, असे धरून चालण्याची आम्हां शिक्षकांना सवय असते. निपाणीच्या एका वर्गात ती आम्हांला नडली. कर्नाटक विधानसभेच्या २०२३ सालच्या निकालाचा वृत्तालेख आम्ही काढावयास दिला होता. एका मुलीच्या टक्क्यांची बेरीज ९९ आली, म्हणून आम्ही तिचा एक गुण कापला. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. "सर, कुठं चुकलं तेवढं दाखवा." आम्ही पुन्हा गणित केले, चूक सापडेना.

एकूण जागा २२४. काँग्रेस १३५, भारतीय जनता पक्ष ६६, जनता दल (सेक्युलर) १९ आणि इतर ४. यांचे टक्के अनुक्रमे ६०.२७, २९.४६, ८.४८ व १.७९. अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडावा आणि अधिक असल्यास पुढचा पूर्णांक घ्यावा, या नियमाने ६०, २९, ८ व २ मिळतात. पहिल्या तीन भागांतून १.२१ गळाले, चौथ्यात ०.२१ वाढले, म्हणून नेमका एक टक्का कमी पडला. प्रत्येक भाग आपल्यापुरता बरोबर आहे. बेरजेकडे मात्र कोणी पाहिलेले नाही.

एक दशांश स्थळ ठेवले तर भागेल काय? ६०.३, २९.५, ८.५ व १.८ यांची बेरीज १००.१ होते! आता चारही भाग वर सरकले. याच रीतीने सहा वाट्यांपैकी एक, एक व चार वाटे घेतले तर १७, १७ व ६७ मिळून १०१ होतात.

खरी अडचण आकृतीत येते. पूर्णांकी टक्क्यांना ३.६ ने गुणून कोन काढले तर बेरीज ३५६.४ अंश भरते आणि वर्तुळात फट राहते. म्हणून कोन मूळ जागांवरूनच काढावेत. ते पूर्ण अंशांत २१७, १०६, ३१ व ६ येतात आणि येथे वर्तुळ नीट मिटते.

मग खरी चूक ओळखावी कशी? एका भागात फरक जास्तीत जास्त अर्ध्याचा पडतो. चार भागांत तो दोनांपलीकडे जाऊ शकत नाही. बेरीज ९५ आली तर गणितच तपासावे. मात्र ९९ आली म्हणून सर्व बरोबरच आहे, असेही नव्हे. मूळ आकडे पाहावेतच.

शेजारच्या मुलाने ६० चे ६१ करून शंभर जुळविले होते आणि आम्ही त्याला पूर्ण गुण दिले होते! संस्थेचा हिशेब मांडणाऱ्यांनाही हा मोह होतो. त्यापेक्षा आकृतीखाली एक ओळ लिहावी : 'टक्के जवळच्या पूर्णांकात दिल्याने बेरीज ९९ येते.'

त्या मुलीचा गुण आम्ही परत दिला, तोही सर्व वर्गासमोर.