गच्चीच्या फोटोवर सोलार बसवताना : पाच धडे

सोलापुरात घरांवर सोलार बसवण्याची कोटेशनं करताना मी ग्राहकाला त्याच्याच गच्चीच्या फोटोवर पॅनेल बसवून दाखवतो. चित्र बघितल्यावर घरातली मंडळी निर्णय घेतात, म्हणून चित्रातली चूक थेट त्यांच्या पैशाला लागते. अशी चूक एकदा माझ्याकडून झाली.

१. मे महिन्याच्या फोटोत सावली दिसत नाही.
जुळे सोलापुरातल्या एका काकूंच्या गच्चीचा फोटो मी मे महिन्यात भर दुपारी काढला होता. सोलापूर साधारण १७.७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि टाकीची सावली टाकीखालीच राहते. गच्ची मोकळी दिसली, मी जिन्याच्या खोलीलगतच सहा पॅनेल रंगवले आणि तसेच बसवलेही. डिसेंबरात काकूंचा फोन आला, "अहो, सकाळी दोन पॅनेलांवर टाकीची सावली असते की!" पॅनेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यामुळे दोन पॅनेलांवरची सावली सगळ्या रांगेला भोवत होती. बिलं उन्हाळ्यात वाढतात आणि चौकशी तेव्हाच येते, म्हणून ही चूक सहज घडते.

२. फोटोआधी चार पाइप उभे करा.
सपाट स्लॅबवर पॅनेल आडवे पडत नाहीत, दक्षिणेकडे कलते करून पायांवर उभे राहतात. सुमारे साडेसात फूट लांबीचा पॅनेल १५ अंश कलवला की मागची कड पुढच्यापेक्षा दोन फूट उंच जाते. सहा पॅनेलांची रांग साडेबावीस फूट भरते आणि जमिनीवर सव्वासात फूट खोली घेते. टेपने हे चार कोपरे मोजून खडूने खुणा करतो. पुढच्या दोन खुणांवर तीन फुटी आणि मागच्या दोन खुणांवर पाच फुटी पाइप उभे धरायला लावतो, मग फोटो काढतो. मोबाइलची रुंद लेन्स वापरत नाही, कारण तिच्यात कडेच्या रेषा वाकतात. दिशेसाठी मोबाइलच्या होकायंत्रावरही विसंबत नाही, स्लॅबमधल्या सळ्या त्याला फसवतात. हिवाळ्यात साधारण साडेबाराला उभ्या काठीची सावली उत्तरेकडे जाते, तीच रेषा खरी धरतो.

३. चौकट पाइपांच्या टोकांना ताणा.
सहा पॅनेलांची सपाट चौकट आधी मापात काढतो. फोटोशॉपमध्ये `Edit > Transform > Distort` घेऊन तिचे चार कोपरे चार पाइपांच्या टोकांवर नेतो. टोकं खरी असली की कोन वेगळा शोधावा लागत नाही. तपासणी सोपी आहे : रांगेच्या लांब कडा कठड्याला समांतर असतील, तर चित्रात त्या कठड्याच्या रेषांसह दूरवर एकाच बिंदूकडे धावल्या पाहिजेत. तसं नसेल, तर एखादी खूण चुकली आहे. चौकट पाइपांच्या बुडाशी ताणली, तर पॅनेल चटईसारखे स्लॅबवर पडलेले दिसतात. मग बसवल्यावर "वाळवण घालायची जागा एवढी कशी गेली?" असा प्रश्न येतो.

४. पॅनेलची सावली पाइपांकडून घ्या.
उन्हात प्रत्येक पाइपची सावली स्लॅबवर पडलेली असते. त्या चार सावल्यांची टोकं जोडली की पॅनेलच्या सावलीचा चौकोन तयार. त्याचा रंग काळा न घेता फोटोतल्याच कठड्याच्या सावलीतून उचलतो आणि थर `Multiply`वर ठेवतो, म्हणजे खालच्या फरशीचे सांधे सावलीतूनही दिसत राहतात.

५. दुसरं चित्र डिसेंबरचं द्या.
२१ डिसेंबरला इथे दुपारी सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो, सकाळी साडेनऊच्या सुमारास ३० अंशांवर. म्हणजे सावली दुपारी उंचीच्या सुमारे ०.८७ पट, सकाळी पावणेदोन पट. काकूंची टाकी स्लॅबपासून १२ फूट उंच होती. पॅनेलची खालची कड तीन फुटांवर, म्हणून हिशोब नऊ फुटांचा. सकाळी साडेनऊला सावली वायव्येला जवळपास १६ फूट जाते : पश्चिमेकडे सुमारे १२ आणि उत्तरेकडे साडेदहा. मी रांग १२ फूट पश्चिमेला सरकवली, साडेनऊनंतर टाकीची सावली तिच्यावर येईना. हलवण्याचा खर्च मी घेतला.

आता प्रत्येक कोटेशनला दोन चित्रं असतात. त्यावर फोटोची तारीख आणि वेळ लिहितो. वर्षभरात किती युनिट घटतील, हे मात्र चित्रातून कळत नाही. त्यासाठी हिशोब वेगळा करावा लागतो, आणि शेजारी उद्या मजला चढवणार असेल तर तोही विचारून घ्यावा लागतो.