दुबार जमा झालेल्या रकमेविषयी ग्राहकास पत्र

थकलेल्या बिलाची मागणी करणारे पत्र आपण मागील घटकात अभ्यासले. या घटकात त्याच्या उलट प्रसंगाचा विचार करावयाचा आहे. ग्राहकाने एकाच बिलाचे पैसे दोनदा पाठविले आहेत. ते मिळाल्याचे आणि ती रक्कम परत केली जाईल किंवा पुढील बिलात वळती केली जाईल, असे त्याला कळवावयाचे आहे. मागणीचे पत्र लिहिताना पैसा आपला असतो व तो दुसऱ्याकडे असतो. येथे पैसा ग्राहकाचा आहे आणि तो आपल्याकडे आहे. या पत्राची भाषा या एका गोष्टीवरून ठरते.

एक उदाहरण घेऊ. कागद व वह्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका दुकानाने तालुक्याच्या गावातील एका किरकोळ विक्रेत्यास २० मे रोजी माल पाठविला. बिल क्रमांक ४१२, रक्कम कर धरून १८,६४० रुपये. विक्रेत्याने ४ जूनला वसुलीस आलेल्या माणसाजवळ तेवढ्या रकमेचा चेक दिला. तो दुसऱ्या दिवशी बँकेत भरण्यात आला. वडिलांनी चेक दिल्याचे विक्रेत्याच्या मुलाला ठाऊक नव्हते. त्याने ६ जूनला तीच रक्कम एनईएफटीने पाठविली. घाऊक व्यापाऱ्याच्या हिशेबनिसाला त्या दिवशी वहीत एकाच बिलापुढे दोन नोंदी दिसल्या.

त्याच क्षणी पत्र लिहावयास बसावे काय? बसू नये. ६ जूनला खात्यात खरोखर आलेली रक्कम एकच होती, ती एनईएफटीची. चेक अद्याप वटला नव्हता. अशा वेळी ‘दुसरी रक्कम परत करीत आहोत’ असे लिहून पैसे पाठविले आणि पुढे चेक न वटता परत आला, तर बिल पुन्हा थकलेले राहते. लेखी दिलेला शब्दही मागे घ्यावा लागतो. म्हणून आपली वही नव्हे, तर बँकेचा खातेउतारा पाहावा. दोन्ही रकमा त्यात स्वतंत्रपणे जमा दिसल्या पाहिजेत. कधी कधी रक्कम एकदाच आलेली असते आणि नोंद मात्र दोनदा केलेली असते. दोन्ही नोंदींपुढे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक एकच असला, तर ही चूक ओळखता येते. युपीआयच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, पण आपल्याकडे पोहोचतच नाही. अशी रक्कम बँकेने आपोआप ग्राहकास परत करावयाची असते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये मुदती ठरवून दिल्या आहेत. तेथे आपण परतावा दिला, तर ग्राहकास पैसे दोन ठिकाणांहून मिळतील.

आपल्या उदाहरणात चेक ९ जूनला वटला. दुसरी रक्कम एखाद्या वेगळ्या बिलापोटी तर नाही ना, हेही पाहून झाले. विक्रेत्याचे अन्य कोणतेही बिल बाकी नव्हते. आता १० जूनला पत्र लिहिता येते.

आता शब्दांकडे वळू. ‘आपण चुकून दोनदा पैसे भरले’ हे वाक्य खरे आहे. मात्र त्यात कर्ता ‘आपण’ आहे आणि त्याच्यालगत ‘चुकून’ आले आहे. वाचणाऱ्यास ते बोट दाखविल्यासारखे वाटते. ‘आमच्या खात्यात ही रक्कम दोन वेळा जमा झाली आहे’ या वाक्यात घटना तेवढी सांगितली जाते. दोष कोणाचा, हा प्रश्न उपस्थित होत नाही. येथे अकर्मक क्रियापद उपयोगी पडते.

हीच सोय पत्राच्या उत्तरार्धात मात्र घातक ठरते. ‘सदर रक्कम यथावकाश समायोजित करण्यात येईल’ असे वाक्य कार्यालयीन पत्रांत वारंवार आढळते. कोण करणार, केव्हा करणार, कोणत्या बिलात करणार, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. जेथे आपल्यावर जबाबदारी येते, तेथे कर्ता स्पष्ट असावा: ‘आम्ही परत पाठवू’, ‘आम्ही वजा करू’. सोबत तारीखही द्यावी. ‘समायोजन’ हा शब्द चूक नाही, पण दुकानदारास ‘वळती करणे’ अधिक लवकर कळते. नुसते ‘जमा करू’ असेही लिहू नये. कोणाच्या खात्यात, हा संशय राहतो.

पत्राचा नमुना पुढीलप्रमाणे:

दिनांक : १० जून

विषय : बिल क्र. ४१२ ची रक्कम दोनदा जमा झाल्याबाबत

स. न. वि. वि.

आपल्या २० मे रोजीच्या बिल क्र. ४१२ ची रक्कम रु. १८,६४० आमच्या खात्यात दोन वेळा जमा झाली आहे. ६ जून रोजी ती एनईएफटीने आली आणि ४ जून रोजी आपण दिलेला चेक ९ जून रोजी वटला. बिल पूर्ण फिटले असून आपले रु. १८,६४० आमच्याकडे जादा जमा आहेत.

ही रक्कम आपल्या इच्छेप्रमाणे आम्ही परत पाठवू किंवा पुढील बिलातून वजा करू. आपली इच्छा १६ जूनपर्यंत कळवावी. तोपर्यंत आपला निरोप न आल्यास, एनईएफटी ज्या खात्यातून आली त्याच खात्यात आम्ही १८ जून रोजी ती परत पाठवू. दोन्ही जमा नोंदी दाखविणारा खातेउतारा सोबत जोडला आहे.

कळावे,
आपला नम्र

या पत्रात बँक खात्याचा क्रमांक मागितलेला नाही, याकडे लक्ष द्यावे. पैसे जेथून आले तेथेच परत जात असल्याने तो मागण्याचे कारण नाही. परताव्याच्या निमित्ताने खात्याची माहिती काढून घेणारे भामटे पुष्कळ आहेत, त्यामुळे सावध ग्राहक अशा मागणीने बिचकतो. उलट ‘पैसे दुसऱ्याच खात्यात पाठवा’ असा निरोप फोनवर आल्यास आपणही ग्राहकाच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी.

ग्राहकाने उत्तर दिले नाही, तर रक्कम पुढील बिलात वळती करण्याची पद्धत काही दुकानांत आहे. प्रस्तुत लेखकास ती पटत नाही. मौन म्हणजे आपला पैसा वापरण्यास दिलेली संमती नव्हे.

आपल्या विक्रेत्याने ‘पुढच्या बिलात घ्या’ असे कळविले. पुढील बिल ३१,४५० रुपयांचे झाले. येथे नवख्याकडून हमखास एक चूक होते. तो मालाची किंमतच कमी करून बिल बनवितो. जादा जमा ही सवलत नाही. मालाची किंमत व त्यावरील कर पूर्ण दाखवावा आणि एकूण बेरजेखाली ‘बिल क्र. ४१२ ची जादा जमा वजा रु. १८,६४०, देणे बाकी रु. १२,८१०’ असे लिहावे. पुढील बिल ११,२०० रुपयांचेच असते, तर ७,४४० रुपये अजूनही त्याचे आपल्याकडे उरले असते. त्यांचे काय करावयाचे, हे त्याला पुन्हा विचारावे लागले असते.

स्वाध्याय : एका मासिकाच्या वर्गणीदाराने ६०० रुपयांची वार्षिक वर्गणी मनीऑर्डरने पाठविली आणि चार दिवसांनी युपीआयनेही भरली. पुढील वर्गणी एक वर्षाने यावयाची आहे. त्याला पत्र लिहा. वळती करण्याचा पर्याय आपण त्यात ठेवाल काय, आणि परतावा कोणत्या मार्गाने पाठवाल, ते कारणांसह सांगा.