उचल म्हणजे मजुरी नव्हे

अंबाजोगाई

चि. छकुलीस,


तुझ्या शिबिराच्या भाषणाचा कागद तुझ्या आईने मला पाठवला. उपकेंद्रावर रुजू होऊन वर्ष झालं नाही तोवर तू ऊसतोड बायांसाठी तपासणी शिबिर घेतेस, टोळ्या निघायच्या आत घेतेस, हे मला फार आवडलं. भाषणातलं एक वाक्य मात्र मी लाल शाईने खोडलं आहे. "लवकर निदान झालेल्या बाया जास्त वर्षं जगतात, म्हणून लवकर तपासा." पस्तीस वर्षं पीएसएम शिकवून मामा शेवटी तपासणीच्याच विरोधात गेला, असं तुला वाटेल. तसं नाही. तपासणी कर. पण हे वाक्य तिचा पुरावा म्हणून वापरू नकोस, कारण तो पुरावा नाहीच.

का नाही, ते तुझ्याच गावच्या भाषेत सांगतो. मुकादम दसऱ्याच्या आसपास कोयत्याला उचल देतो. पैसा हातात आधी येतो, पण तो हंगामाच्या मजुरीतूनच कापला जातो. उचल लवकर मिळाली म्हणून मजुरी वाढत नाही. आता एक बाई धर. तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर आहे आणि त्याने ती 2030 च्या पोळ्याला जाणार आहे. तिला रक्त जाऊ लागलं म्हणून ती 2027 मध्ये दवाखान्यात गेली, तर निदानानंतर ती तीन वर्षं जगली. हीच बाई तुझ्या शिबिरात 2023 मध्ये सापडली असती आणि उपचाराने काहीही फरक पडला नसता, तरी निदानानंतर ती सात वर्षं जगली असती. निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांच्या यादीत पहिल्या हिशेबात तिचं नाव नाही, दुसऱ्यात आहे. पोळा तोच, मरणही तेच. वाढली ती फक्त आजाराची माहिती असलेली चार वर्षं, म्हणजे काळजीची आणि एसटीच्या खेपांची. या चार वर्षांना शास्त्रात लीड टाइम म्हणतात. मी वर्गात त्याला 'आजाराची उचल' म्हणायचो आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान डोलवायची.

म्हणून 'निदानानंतर किती वर्षं' हा आकडा दोन गटांची तुलना करायला कामाचा नाही. घड्याळ कधी सुरू केलं यावर तो अवलंबून असतो. घड्याळ निदानाला सुरू करायचंच नाही. तपासायला घेतलं त्या दिवशी, गावातल्या सगळ्या बायांसाठी, निरोगी असोत की आजारी, एकदम सुरू करायचं आणि शेवटी मेलेल्या मोजायच्या.

हे असं मोजलेलं काम आपल्या शेजारीच झालं आहे, मांजरेच्या पलीकडे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, 1999 पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने, मुंबईच्या टाटा मेमोरियलने आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार भाग केले. वय 30 ते 59 च्या 1,31,746 बाया. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मीअर, तिसऱ्यात तू करणार आहेस तीच व्हीआयए, म्हणजे ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते बघायचं. तिन्ही तपासण्या एकदाच. चौथ्या भागाला फक्त माहिती आणि नेहमीची सेवा. (या चौथ्या भागावरून पुढे बरंच वादळ उठलं. त्या बायांना तपासणी न देणं योग्य होतं का, हा प्रश्न रास्त आहे, पण त्यावर वेगळं पत्र लागेल.) डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षांचा हिशेब 2009 मध्ये छापला.

आता वही घे आणि माझ्याबरोबर भागाकार कर. व्हीआयएच्या भागात 34,074 बाया होत्या. त्यांत कॅन्सर सापडले 157, त्यातल्या 56 जणी दगावल्या. तपासणी न झालेल्या भागात 31,488 बाया, कॅन्सर 118, मृत्यू 64. तुझ्या भाषणाच्या पद्धतीने मोजलं तर तपासलेल्या गटात कॅन्सरच्या दर शंभर बायांमागे 36 गेल्या आणि न तपासलेल्या गटात 54. केवढा फरक! एवढ्यावर कुणीही फलक रंगवेल. पण खाली कॅन्सरच्या बाया न घेता गावातल्या सगळ्या बाया घे. तपासलेल्या गटात लाखामागे 164 मृत्यू, न तपासलेल्यात 203. फरक एकदम आखडला. तो इतका लहान की चिठ्ठ्यांच्या नशिबानेही पडू शकला असता, म्हणून लेखकांनी तो धरला नाही.

याहून बोलका आकडा पुढे आहे. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातले, वाढलेले कॅन्सर व्हीआयएच्या भागात 86 होते आणि न तपासलेल्या भागात 82. बायांची संख्या लक्षात घेतली तर जवळपास सारखेच. तरी 'आमच्याकडे लवकरच्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं' असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही, कारण 157 मधले 86 म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त आणि 118 मधले 82 म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त. वाढलेले कॅन्सर कमी झालेच नाहीत. लहान कॅन्सर वर येऊन खालचा आकडा फुगला आणि टक्का सुधारला. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत असा टक्का कुणी दाखवला, तर छेद काय आहे ते विचार.

मग 157 आणि 118 मधला तो फरक कुठून आला? बाया सारख्या, गावं सारखी. काही कॅन्सर असे असणार की जे आठ वर्षांनंतर आपणहून त्रास देऊन समोर आले असते. ती उचलच. आणि काही असे असू शकतात की जे त्या बाईच्या हयातीत कधी वरच आले नसते. इतके सावकाश, की ती आधी दुसऱ्याच कशाने गेली असती. याला अतिनिदान म्हणतात. रिपोर्ट चुकलेला नसतो, सूक्ष्मदर्शकाखाली तो कॅन्सरच असतो. म्हणूनच ते ओळखता येत नाही. एका बाईकडे बोट दाखवून 'हिचं निदान उगाच झालं' असं कुणालाही म्हणता येत नाही, तिला स्वतःला तर नाहीच. उलट 'तपासलं म्हणून वाचले' असं ती शपथेवर सांगेल. अतिनिदान दिसतं ते फक्त गटांच्या बेरजेत. निदानं वाढतात आणि मरणं जिथल्या तिथे राहतात. दक्षिण कोरियात लोक हौसेने मानेची सोनोग्राफी करून घेऊ लागले, तेव्हा 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरची निदानं 1993 च्या पंधरापट झाली होती. त्याने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारोंच्या गळ्यावर व्रण राहिला आणि जन्मभराची गोळी मागे लागली. पुण्याच्या 'फुल बॉडी चेकअप'ची जाहिरात तू मला पाठवली होतीस ना, तिला मी उत्तर का दिलं नाही ते आता समजलं असेल.

एचपीव्हीच्या भागाचं राहिलं. तिथे 34,126 बायांत मृत्यू 34, म्हणजे लाखाला शंभर. जवळपास निम्मे. वाढलेले कॅन्सर 39. हा फरक नशिबाचा नव्हता. ही तपासणी लवकरची होतीच, पण तेवढ्याने झालं नाही. कॅन्सर होण्याआधीचा बदल तिने पकडला, तो गोठवून किंवा काढून टाकता आला, आणि जिला 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं तिच्यात पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण व्हीआयएपेक्षा चौपटीने कमी होतं. लवकर सापडल्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्या वेळच्या उपचाराने पुढची वाट बदलते. तुझी व्हीआयए फुकट आहे असंही समजू नकोस. मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या लोकांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. एकदा शिबिर घेऊन फोटो काढणं आणि फेऱ्या लावून धरणं यातला हा फरक आहे.

आता आपल्या जिल्ह्याचं दुखणं. उस्मानाबादेत व्हीआयए केलेल्या दर शंभरात सुमारे 14 जणींना डाग दिसला होता. त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता. सूज, जंतुसंसर्ग यांनीही डाग पांढरा उठतो, आणि फडात पाण्याविना राहणाऱ्या बाईला संसर्ग असतोच. अशा बाईच्या हातात तू 'पॉझिटिव्ह' लिहिलेली चिठ्ठी दिलीस आणि ती घेऊन ती रस्त्यावरच्या पहिल्या पाटीच्या दवाखान्यात शिरली, तर काय होतं ते 2019 मध्ये साऱ्या देशाने वाचलं. आपल्या जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं, पिशवीला सूज आहे, राहू दिली तर कॅन्सर होईल, असं सांगितल्याचं कितीतरी जणींनी सांगितलं. त्याला मी अतिनिदान म्हणणार नाही. तिथे बहुधा निदानच नव्हतं, नुसती भीती होती. पण ती भीती 'लवकर, लवकर' याच शब्दांवर वाढली, आणि तुझ्या भाषणात तो शब्द मी नऊ वेळा मोजला.

म्हणून चिठ्ठीवर 'पॉझिटिव्ह' लिहू नकोस. 'पुढील तपासणी आवश्यक, कॅन्सरचे निदान नाही' असं मराठीत लिही आणि वाचून दाखव. कोल्पोस्कोपी आणि गरज पडली तर बायॉप्सी, इथे आमच्या मेडिकल कॉलेजात किंवा बार्शीला. बायॉप्सीचा कागद हातात येईपर्यंत पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर आधी तुला फोन करायचा, एवढं आशाताईंकडून घरोघर पोचव. रजिस्टरमध्ये सापडलेल्यांच्या आधी तपासलेल्या सगळ्यांची नावं हवीत, गावात राहिलेल्यांची आणि हंगामात साताऱ्या-कोल्हापूरकडे गेलेल्यांचीही.

शिबिराची तारीख कळव. टोळ्या निघायला निदान पंधरा दिवस असताना ठेव. डाग दिसलेल्या बाईला बार्शीला जाऊन परत यायला तेवढे दिवस लागतातच, आणि एकदा उचल घेतली की मुकादम तिला थांबू देत नाही.

तुझा,
मामा