सूर मोजण्याची उजळणी : सप्तक, स्वरांतर व स्वरसंघ

प्रार्थनेची चाल शिक्षकांस पेटीवर उत्तम येते, परंतु ती ज्या पट्टीवरून ते शिकले, तेथूनच येते. ती पट्टी मुलांच्या गळ्यास उंच पडली तर वरच्या षड्जावर निम्मा वर्ग गप्प होतो आणि उरलेला ओरडतो. अशा वेळी चाल बदलावयाची नसते. षड्ज हलवावयाचा असतो. षड्ज हलविता येण्यासाठी स्वर जागेने नव्हे, अंतराने ओळखावे लागतात. पुढील तीन पत्रकांत एवढ्याच गोष्टीची उजळणी आहे. साधन म्हणून शाळेतील साधी पेटी पुरे.

पत्रक पहिले : सप्तक

पेटीवरील कोणत्याही पट्टीपासून तिच्या लगतच्या पट्टीपर्यंत, मग ती काळी असो वा पांढरी, जे अंतर असते त्यास अर्धस्वर म्हणावे. दोन अर्धस्वर मिळून एक पूर्णस्वर होतो. पांढरी 3 व पांढरी 4 यांच्यामध्ये, तसेच पांढरी 7 व पुढील पांढरी 1 यांच्यामध्ये काळी पट्टी नाही. म्हणून तेथे दोन पांढऱ्या पट्ट्यांतील अंतर अर्धाच स्वर आहे.

शुद्ध स्वरांच्या सप्तकात, म्हणजे बिलावल थाटात, सा पासून तार सा पर्यंतची अंतरे अशी येतात : 2, 2, 1, 2, 2, 2, 1. ग व म यांच्यामध्ये आणि नी व सा यांच्यामध्ये अर्धस्वर आहे. इतरत्र पूर्णस्वर आहे. बेरीज 12 होते. पांढरी 1 ला षड्ज मानल्यास केवळ पांढऱ्या पट्ट्यांनी हे सप्तक पुरे होते. त्यामुळे पांढऱ्या पट्ट्या म्हणजेच शुद्ध स्वर, असा समज मुलांत आणि पुष्कळदा मोठ्यांतही रुजतो. तो येथेच खोडून काढावा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. चाल मध्य सा पासून तार सा पर्यंत जाते आणि शिक्षकांचा सराव पांढरी 5 ला षड्ज धरून झाला आहे. मुलांस तार सा पेलत नाही, म्हणून षड्ज खाली पांढरी 2 वर आणावयाचा आहे. पांढरी 2 हा सा. दोन अर्धस्वर पुढे पांढरी 3, हा रे. आणखी दोन मोजल्यास पांढरी 4 ओलांडून काळी 3 येते, हाच ग. एक मोजून पांढरी 5, हा म. पुढे दोन दोन मोजीत पांढरी 6 हा प, पांढरी 7 हा ध, आणि वरची काळी 1 हा नी. शेवटी एक अर्धस्वर मोजला की वरची पांढरी 2, म्हणजे तार सा. सर्व चाल पाच अर्धस्वर खाली आली, परंतु तिच्यातील एकही अंतर बदलले नाही. म्हणून ती तीच चाल आहे.

येथे चूक कोठे होते? काळ्या पट्ट्या टाळून पांढरी 2 पासून सरळ पांढऱ्याच वाजविल्या, तर ग व नी कोमल होतात आणि बिलावलाऐवजी काफी थाट उभा राहतो. ओळखण्याची खूण ग वर मिळते : चाल तेथे एकाएकी उदास वाटू लागते व मुले पेटी सोडून आपल्या आठवणीतला शुद्ध ग गाऊ लागतात. अशा वेळी मुलांस दटावू नये. आधी पट्टी तपासावी.

लेखन : पांढरी 4 ला षड्ज मानून शुद्ध सप्तकाच्या पट्ट्या क्रमाने लिहा. केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजविल्यास कोणता स्वर बिघडेल, तेही सांगा.

पत्रक दुसरे : स्वरांतर

सा पासून मोजता कोमल ग तिसऱ्या अर्धस्वरावर, शुद्ध ग चौथ्यावर, शुद्ध म पाचव्यावर, प सातव्यावर व तार सा बाराव्यावर येतो. सध्या एवढी पाच अंतरे पक्की करावीत.

मोजताना आरंभीची पट्टी धरू नये. ती ‘एक’ म्हणून धरल्यास सातव्या मोजणीस बोट प वर न पडता तीव्र म वर पडते. पडताळा सोपा आहे : सा पासून प पर्यंत 7 आणि प पासून तार सा पर्यंत 5, मिळून 12 झालेच पाहिजेत. दोन्हीकडे 6 आले की मोजणी चुकली. कानासही ते कळते; सा व प एकत्र दाबता आवाज शांत राहतो, सा व तीव्र म एकत्र दाबता तो खुपतो.

श्रवण : मुलांनी पेटीकडे पाठ करून बसावे. शिक्षकांनी सा वाजवून थांबावे व मग शुद्ध किंवा कोमल ग वाजवावा. शुद्ध असल्यास मुलांनी हात वर करावा. दहांपैकी आठ वेळा बरोबर आल्यावरच सा–म व सा–प यांचा भेद घ्यावा. प्रत्येक वेळी षड्ज बदलावा. एरवी मुले अंतर न ओळखता एका पट्टीचा आवाज पाठ करतात.

लेखन : शुद्ध सप्तकात रे ते ध, ग ते नी व म ते तार सा यांत किती अर्धस्वर आहेत ते लिहा.

पत्रक तिसरे : स्वरसंघ

एक स्वर सोडून एक असे तीन स्वर एकत्र वाजविले म्हणजे साधा स्वरसंघ होतो. वाद्यवृंदातील वादक यास कॉर्ड म्हणतात. सा, ग, प यांत खालचे अंतर 4 व वरचे 3 आहे, हा मेजर. ग कोमल केला की अंतरे 3 व 4 होतात, हा मायनर. दोन्हींत सा व प तेच आहेत. संघाचा सारा रंग मधल्या स्वरावर अवलंबून आहे.

मायनर संघास कोमल स्वर लागतोच असे मात्र नाही. शुद्ध सप्तकातच रे, म, ध हे स्वर घ्यावेत. रे ते म 3 व म ते ध 4. म्हणजे हा मायनर झाला. नावावरून ठरवू नये, मोजून ठरवावे.

स्वरसंघाची मर्यादाही जाणावी. आपले रागगायन स्वरसंघावर उभारलेले नाही. काफीतील कोमल ग गायिला जात असता खाली सा, शुद्ध ग, प दाबून धरल्यास दोन गांधार एकमेकांशी भांडतात. शिवाय पेटीचे बारा अर्धस्वर समान केलेले असल्याने तिचा शुद्ध ग तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या भागाने चढा असतो. सा व ग बराच वेळ धरल्यास आवाजात जी थरथर ऐकू येते, तिचे एक कारण हे आहे. म्हणून मुलांचा गांधार पारखताना पेटी थांबवून तानपुऱ्यावर ऐकावा.

श्रवण : सा-ग-प हा संघ कधी शुद्ध, कधी कोमल ग घेऊन वाजवावा आणि मुलांनी केवळ मधला स्वर गुणगुणावा.

लेखन : शुद्ध सप्तकातील म-ध-सा व ध-सा-ग हे संघ मेजर की मायनर, ते अंतरे मोजून लिहा.

उत्तरे

पहिले : पांढरी 4, पांढरी 5, पांढरी 6, काळी 5, पांढरी 1, पांढरी 2, पांढरी 3, पांढरी 4. केवळ पांढऱ्या वाजविल्यास म तीव्र होऊन कल्याण थाट होईल.

दुसरे : तिन्हींत 7. म्हणजे या प्रत्येक जोडीत सा–प इतकेच अंतर आहे.

तिसरे : म-ध-सा यांत 4 व 3, म्हणून मेजर, ध-सा-ग यांत 3 व 4, म्हणून मायनर.